एकवीरेचं दर्शन आणि वेटिंगचे ९०० रुपये

बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. ठरलेलं पॅकेज ४,२०० रुपयांचं आणि बिल ६,०१० चं. वर टोल आणि पार्किंग वेगळं. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचं बिल चुकून माझ्याकडे आलंय. पण तारीख आमची, गाडीचा नंबर आमचा, आणि खालच्या ड्युटी स्लिपवर सही चक्क माझी.

नवरात्रात कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायचं आमच्या घरी ठरलेलंच असतं. माणसं सहा: सासू-सासरे, नणंद, नवरा, मुलगा आणि मी. एर्टिगा बरोबर पुरते, कारण ड्रायव्हर धरून सात सीट. (सातवं माणूस मांडीवर बसवू म्हणून गाडी ठरवू नका. आमच्या शेजाऱ्यांना ड्रायव्हरने सोसायटीच्या गेटवरच नकार दिला होता आणि त्याचं बरोबर होतं.) घटस्थापनेच्या आधीच सोसायटीच्या ग्रुपवर एका ट्रॅव्हल्सवाल्याचं पोस्टर फिरायला लागलं. वर घट, खाली झेंडूची तोरणं, आणि मध्ये ठळक अक्षरांत: ऐरोली ते एकवीरा जाऊन-येऊन, एर्टिगा, १० तास, २०० किलोमीटर, फक्त ४,२००. आमच्या दारापासून कार्ल्याला जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरच होतात, म्हणजे २०० मध्ये आरामात. मी १,००० रुपये आगाऊ पाठवले आणि मोकळी झाले.

पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. जादा किलोमीटरला १५ रुपये, जादा तासाला २००. वेटिंग पहिला तास मोफत, पुढे तासाला १५०. रात्री १० ते सकाळी ६ नाइट चार्ज २५०. किलोमीटर आणि वेळ गॅरेज ते गॅरेज. मी त्या वाचल्या होत्या, पण जशा आपण औषधाच्या डबीवरच्या ओळी वाचतो तशा.

गाडी पहाटे पाचला बोलावली होती, आली पाच वीसला. ड्रायव्हरदादा चांगले होते, सासूबाईंना हात देऊन बसवलं. निघताना त्यांनी कार्बनचा कागद घातलेलं स्लिपबुक पुढे केलं आणि म्हणाले, "ताई, इथे एक सही करा, परत आल्यावर घाई होते." स्लिपवर गॅरेज आउट, गॅरेज इन, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर असे रकाने होते, सगळे कोरे. मी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सही केली. एका हातात ओटीचं सामान होतं, दुसऱ्या हातात सही. त्या दिवशीची माझी एकमेव चूक ही.

जाताना एक्स्प्रेस वे रिकामा होता, साडेसातला पायथ्याशी होतो. दर्शनाचं काय सांगायचं, सुट्टीचा दिवस आणि त्यात नवरात्र. रांग पायऱ्यांवरूनच लागलेली. सासूबाई दहा पायऱ्या चढायच्या आणि बसायच्या. खाली उतरून गाडीशी आलो तेव्हा बारा चाळीस. दादा सीट मागे पाडून, तोंडावर टॉवेल घेऊन झोपले होते. लोणावळ्यात पाऊण तास जेवलो आणि साडेचारला घरी. माझ्या हिशोबाने सव्वाअकरा तासांच्या आत. म्हणजे फार तर दोन तास जास्त, ४०० रुपये. नवऱ्याला मी तसं सांगूनही ठेवलं होतं.

आता त्या बिलाकडे.

गॅरेज शीळफाट्याला. गाडी तिथून निघाली सव्वाचारला, परत पोचली सव्वापाचला. झाले तेरा तास. दहा वजा करून तीन तास जादा, ६०० रुपये. किलोमीटर २०४, कारण आमचे १७४ आणि शीळफाट्याचे दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा. चार किलोमीटर जादा, ६० रुपये. सहाच्या आत गाडी निघाली म्हणून नाइटचे २५०. आणि मग वेटिंग: कार्ल्याला पाच तास दहा मिनिटं, त्यातला एक तास मोफत, उरलेल्या चार तास दहा मिनिटांचे पाच तास धरले. लोणावळ्याच्या जेवणाचा पाऊण तास म्हणजे आणखी एक तास. सहा गुणिले १५०, ९०० रुपये.

गॅरेजचं मला पटलं नाही, पण ते लिहिलेलं होतं. किलोमीटर बरोबर होते. निघताना आणि आल्यावर मी डॅशबोर्डचा फोटो काढला होता. (हे एक काम मी नेहमी करते. फोटोत आकडा आणि वेळ दोन्ही येतात, वाद उरत नाही.) नाइटचंही लिहिलेलं होतं, देवदर्शनाला माणूस पहाटेच निघणार हे त्यांना ठाऊक असतंच. पण ६०० आणि ९०० हे दोन आकडे एका बिलात पाहून माझं डोकं फिरलं.

फोन केला. "वहिनी, जादा तास गाडीचे असतात आणि वेटिंग ड्रायव्हरचं असतं," असं उत्तर आलं. मी म्हटलं, गाडी उभी असताना ड्रायव्हर कुठे वेगळा होता? त्यावर "सगळीकडे हीच पद्धत आहे" आणि फोन ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं अर्धं टेबल. आधी वीस मिनिटं बसवून ठेवलं. त्याचं वेटिंग मी लावायला हवं होतं.

बिलाच्याच मागच्या बाजूला मी दोन हिशोब मांडले. गाडी एकूण तेरा तास तुमच्या गॅरेजबाहेर होती, हे मान्य. त्यातले सहा तास तुम्ही वेटिंग म्हणून वेगळे विकले. मग ते तेरातून काढा. उरले सात. सात तास दहाच्या आत आहेत, म्हणजे जादा तासांचे ६०० उडाले. नाहीतर सगळे तेरा तास गाडीचे धरा, जादा तीन तासांचे ६०० घ्या, पण मग वेटिंग उडालं. तेच तास दोनदा नाही विकता येणार.

मालकांनी कागद बराच वेळ पाहिला आणि हसून म्हणाले, "बरं वहिनी, ६०० सोडतो." अर्थातच! ९०० ठेवून ६०० सोडायला कोण नाही म्हणेल? मी क्षणभर जिंकल्यासारखी उठायलाही लागले होते. नवऱ्याने मनगट धरून खाली बसवलं आणि फोनवर त्यांचंच पोस्टर उघडून ठेवलं. "यात १० तास लिहिलंय. हे दहा तास आम्ही ४,२०० देऊन आधीच विकत घेतलेत. त्या दहा तासांत गाडी चालवा, उभी करा, आम्ही देवळात असू नाहीतर हॉटेलात. दहाच्या आत वेटिंग लागेलच कसं?"

मग ड्रायव्हरचा विषय निघाला, तो बिचारा पाच तास उन्हात थांबला वगैरे. योगायोगाने दादा तिथेच बाहेर गाडी पुसत होते. त्यांना विचारलं, वेटिंगमधले तुम्हाला किती मिळतात? ते मालकाकडे बघून नुसतं हसले आणि पुन्हा काच पुसायला लागले. त्या हसण्यानंतर विषय दहा मिनिटांत मिटला. वेटिंग काढलं, बाकी तसंच ठेवलं. ४,२०० अधिक ६०० अधिक ६० अधिक २५०, झाले ५,११०, आगाऊ दिलेले १,००० वजा. टोल त्यांच्या फास्टॅगच्या मेसेजवरून, पार्किंग पावतीवरून दिलं. दादांना बाहेर येऊन वेगळे २०० दिले.

गाडी वीस मिनिटं उशिरा आली होती हे मला घरी पोचल्यावर आठवलं. तेवढं बोलले असते तर तिसरा तासही उडवता आला असता का, हे आजही मनात येतं.

खरी चूक पॅकेज निवडण्यातच झाली होती, हे नंतर नणंदेच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं. ज्या देवळात रांग मोठी तिथे तासांचं पॅकेज घ्यायचंच नाही. आउटस्टेशनच्या दराने गाडी घ्यायची. त्यात दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, बहुतेक ३००, काही ठिकाणी २५०. तेवढ्याचे पैसे द्यायचे, गाडी कमी फिरली तरी, आणि वर ड्रायव्हरचा भत्ता. पण मग तो दिवस तुमचा, तासांचा आणि वेटिंगचा प्रश्नच येत नाही. त्याच ट्रॅव्हल्सवाल्याकडे एर्टिगाचा आउटस्टेशन दर किलोमीटरला १४ होता. ३०० गुणिले १४ म्हणजे ४,२००, भत्ता ४००, एकूण ४,६००. म्हणजे सव्वाशे किलोमीटर न वापरताही आमचे पाचशेच्या वर वाचले असते, आणि सासूबाईंना पायऱ्यांवर "आई, जरा लवकर" म्हणावं लागलं नसतं.

यातही एक खाच आहे. आउटस्टेशनचा दिवस बहुतेक ठिकाणी रात्री बारा ते रात्री बारा मोजतात. माझे दीर गेल्या वर्षी पहाटेच्या आरतीसाठी रात्री अकराला निघाले. एका तासासाठी आदला दिवस अख्खा लागला, भत्ताही दोनदा. साडेबाराला निघाले असते तर एकच दिवस झाला असता.

टिटवाळ्याला मात्र उलटं. ऐरोलीहून जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास. साध्या दिवशी ८ तास ८० किलोमीटरचं पॅकेज स्वस्त पडतं, पण गॅरेज लांब असेल तर ८० कधीच ओलांडलेले असतात. म्हणून आधी गॅरेज कुठे आहे ते विचारायचं. अंगारकीला गर्दी बघता तिथेही मी तासांवर गाडी घेणार नाही. अ‍ॅपवरून एकेरी गाडी करून जायचा विचार असेल तर परतीचं आधी बघा. कार्ल्याच्या पायथ्याशी रिक्षासाठी भांडणारी कुटुंबं आम्ही पाहिलीत. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवाल्याने आम्हाला ३,५०० सांगितले होते, तेही नको. ती गाडी भाड्याने द्यायची परवानगी नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आता गाडी ठरवताना मी फोनवर बोलते, पण ठरलेलं लेखी पाठवते आणि "ओके" आल्याशिवाय आगाऊ देत नाही. यंदा पाली-महाडसाठी पाठवलेला मेसेज असा होता: "एर्टिगा, पिवळी पाटी, शनिवार पहाटे ५ ते रात्री. ३०० किमी, १४ रुपये, भत्ता ४००. किलोमीटर आमच्या दारापासून. वेटिंग नाही, नाइट नाही. टोल-पार्किंग पावतीप्रमाणे. बरोबर ना?" उत्तर आलं, "वहिनी, गॅरेजपासूनच धरावं लागेल." म्हटलं धरा, ३०० च्या आतच आहे.

स्लिपवर सही परत आल्यावर केली.