बिलावर पैसे उचलताना "१२ टक्के" प्रत्यक्षात किती पडले : माझा अनुभव

भोसरीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे, मी आणि माझा भाऊ चालवतो. एका मोठ्या कंपनीला माल गेला, बिल १० लाखांचं, क्रेडिट ९० दिवसांचं. आणि पुढच्या ऑर्डरच्या बार स्टॉकसाठी पैसे आत्ता हवे होते. आता सगळं झालंय, पैसे आले, पण डोक्यातला राग गेलेला नाही म्हणून लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

बँकेकडे आधी विचारलं. बिल डिस्काउंटिंगचा, म्हणजे बिलावर मुदतीआधीच पैसे देण्याचा दर बरा होता, ११ टक्के, पण खरेदीदाराने स्वीकारलेली हुंडी आणा म्हणाले, आणि ती रक्कम आमच्याच कर्जाच्या लिमिटमध्ये धरणार, जी आधीच भरलेली. शिवाय खरेदीदाराने पैसे नाही दिले तर बँक आमच्याकडूनच वसूल करणार. तो रस्ता तिथेच संपला. मग एक फॅक्टरिंग कंपनी मिळाली. कागदपत्रं, जीएसटी रिटर्न, केवायसी, सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडकलं ते एका पत्रावर. फॅक्टरिंगमध्ये आपण बिलाचे पैसे घेण्याचा हक्कच फॅक्टरला देतो, आणि तशी नोटीस खरेदीदाराला जाते. २०११ च्या फॅक्टरिंग कायद्याप्रमाणे नोटीस मिळाल्यावर खरेदीदाराने फॅक्टरलाच पैसे द्यायचे, आम्हाला दिले तर त्याची देणेदारी सुटत नाही. पण नोटीस मिळण्याआधी त्याने आम्हाला पैसे दिले तर फॅक्टर अडकतो. म्हणून "नोटीस मिळाली, बिल मान्य आहे, पैसे तुमच्या खात्यात टाकू" असं खरेदीदाराने सही-शिक्क्यानिशी लिहून दिल्याशिवाय फॅक्टर एक रुपया सोडत नाही. त्यात त्याची चूक नाही. चूक खरेदीदाराच्या अकाउंट्स डिपार्टमेंटची.

परचेसवाले म्हणाले अकाउंट्सकडे जा. अकाउंट्सवाले म्हणाले व्हेंडरचा बँक अकाउंट बदलायचा म्हणजे हेड ऑफिसचं अप्रूव्हल लागतं. हेड ऑफिसमधून मेल आला की लीगलला विचारा. लीगलच्या साहेबांनी पीओमधली, म्हणजे परचेस ऑर्डरमधली एक ओळ दाखवली की आमच्या लेखी संमतीशिवाय बिलाचे हक्क दुसऱ्याला देता येणार नाहीत. मी म्हटलं साहेब, संमतीच तर मागायला आलेय! तर म्हणे संमती अकाउंट्सने द्यायची. गोल फिरून पुन्हा तिथेच. मधेच कळलं की आमच्या मालाचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सिस्टीममध्ये चढलाच नव्हता कारण काही नग रिजेक्ट दाखवलेले, त्या नगांचे पैसे कापणारी डेबिट नोट निघेपर्यंत बिल "मान्य" होऊच शकत नव्हतं, आणि हे आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नाही. म्हणून पहिली टीप, पत्र पाठवण्याआधी जीआरएन आणि बिलाचे नग जुळतात का ते स्टोअरमध्ये जाऊन बघा, मगच पत्राला हात लावा.

चीड कशाची येते सांगू, ही तीच कंपनी आहे जी स्वतः कमर्शियल पेपर काढून सात-साडेसात टक्क्यांनी पैसे उचलते, हे त्यांच्या फायनान्सच्याच माणसाने चहा पिताना सांगितलं. कमर्शियल पेपर म्हणजे तारण नसलेली, ७ दिवस ते एक वर्ष मुदतीची वचनचिठ्ठी, किमान ५ लाखांची, डीमॅटमध्ये. दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाला विकतात, मुदत संपली की पूर्ण किंमत परत देतात. ५ लाखांचा ९० दिवसांचा पेपर साडेसात टक्क्यांनी काढला तर कंपनीच्या हातात साधारण ४,९०,९२१ रुपये येतात, वर रेटिंग, स्टँप ड्युटी आणि एजंट बँकेची फी. रेटिंग किमान ए३ लागतं, आमच्यासारख्या युनिटला तो दरवाजा नाहीच. ठीक आहे. पण इतक्या स्वस्तात पैसे मिळत असताना आमच्या एका पत्रावर सही होत नाही, आणि त्या सहीची किंमत आम्ही मोजतो.

ती किंमत किती ते बघा. फॅक्टरची ऑफर होती बिलाच्या ८० टक्के म्हणजे ८ लाख उचल, त्यावर १२ टक्के व्याज, आणि पूर्ण बिलावर १ टक्का कमिशन, सगळं आधीच कापून. पूर्ण ९० दिवस मिळाले असते तर व्याज २३,६७१ आणि कमिशन १०,००० अधिक जीएसटी १,८००, एकूण ३५,४७१. हातात ७,६४,५२९. आता भागाकार ८ लाखांवर करायचा नाही, जे खरंच हातात आलं त्यावर करायचा :

खर्च ÷ हातातली रक्कम × ३६५ ÷ दिवस

म्हणजे १८.८ टक्के. १२ नाही. आणि पत्र येईपर्यंत निम्मी मुदत संपली, ४५ दिवस उरले. व्याज निम्मं झालं, ११,८३६, पण कमिशन तेवढंच राहिलं कारण ते दिवसांवर नसतं, बिलावर असतं. खर्च २३,६३६, हातात ७,७६,३६४, आणि दर पडतो २४.७ टक्के. मुदत जितकी कमी तितकं हे कमिशन महाग. हे फॅक्टरचा माणूस सांगत नाही, कारण त्याच्या शीटवर १२ च लिहिलेलं असतं.

मी हाच हिशोब कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं मुदत अर्धी राहिली तर कमिशन पण अर्धं करा. खूप ताणून धरलं, शेवटी अर्ध्या टक्क्यावर आला. तेव्हा कमिशन जीएसटीसकट ५,९००, एकूण खर्च १७,७३६, दर १८.४ टक्के. हे मी स्वतः मिळवलं याचा मला अभिमान आहे. जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेत असाल तर तेवढी रक्कम खर्चातून वजा करा, दर अजून थोडा उतरतो.

पुस्तकात लिहितात की फॅक्टर वसुली बघतो, त्यामुळे वसुलीचा खर्च आणि बुडीत रक्कम वाचते, ती खर्चातून वजा करावी. बरोबर आहे, पण आमचं काँट्रॅक्ट विथ रिकोर्स होतं, म्हणजे पैसे बुडाले तर भरपाई आम्हीच करायची, आणि फोन पण आम्हीच करत होतो. मग वजा काय करणार? सही करण्याआधी रिकोर्सचं कलम नक्की वाचा. खरेदीदाराने उशीर केला तर जादा व्याज कोणाच्या माथी, तेही तिथेच लिहिलेलं असतं. उरलेले २० टक्के तर खरेदीदाराचे पैसे आल्यावरच मिळतात.

पुढच्या बिलाला मी ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर जायचं म्हणतेय. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे प्लॅटफॉर्म आहेत. तिथे खरेदीदार ऑनलाइन बिल मान्य करतो, बँका बोली लावतात, पैसे साधारण दुसऱ्या दिवशी येतात, दर खरेदीदाराच्या पतपात्रतेवर ठरतो, आणि विदाउट रिकोर्स असतं, म्हणजे तो नाही देऊ शकला तरी आमच्या मागे कोणी येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी तिथे नोंदणी करणं सक्तीचं आहे, आणि आमचा खरेदीदार नोंदलेला आहेच. पण नोंदणीची सक्ती आहे, बिल मान्य करण्याची नाही, ते त्यांच्या मर्जीवर. म्हणून यावेळी पीओ घेतानाच मी परचेसला मेल टाकलाय की जीआरएन झाल्यावर बिल ट्रेड्सवर मान्य करणार का, हो असेल तर पीओमध्येच लिहून द्या. अजून उत्तर आलेलं नाही. ते आल्याशिवाय मी ९० दिवसांचा भाव देणार नाही, रोखीचा वेगळा आणि उधारीचा वेगळा असे दोन भाव तयार ठेवलेत, उधारीच्या भावात वर्षाला १८ टक्के धरून.