पन्नास रुपयांच्या एंट्रीमागचा हिशोब

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि फँटसी क्रिकेटच्या, म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपला संघ लावायच्या खेळाच्या, पैसे लावून खेळायच्या स्पर्धा बंद झाल्या. त्यानंतर मी माझ्या जुन्या व्यवहारांचं स्टेटमेंट ॲपमधून उतरवून घेतलं आणि एका शीटमध्ये मांडलं. नागपुरात आमच्या ओळखीतले बरेच जण हा खेळ खेळायचे. 'साधारण बरोबरीत असू' असं त्यांच्यातला जवळपास प्रत्येकजण म्हणायचा. स्पर्धेची रचना पाहिली तर बरोबरीत राहणं किती अवघड आहे ते समजतं.

सुरुवात करायची ती तीन आकड्यांपासून: प्रवेश शुल्क, जागा आणि बक्षिसाची एकूण रक्कम. हे तिन्ही आकडे स्पर्धेच्या कार्डावरच असायचे. कमिशन मात्र लिहिलेलं नसायचं, ते आपण काढायचं. उदाहरणादाखल ₹५० शुल्काची, १,००० जागांची आणि ₹४२,००० बक्षिसाची स्पर्धा घेऊ. जमा होतात ₹५०,०००, वाटले जातात ₹४२,०००, म्हणजे ₹८,००० कंपनीकडे राहतात. हे जमा रकमेच्या १६ टक्के झाले. तेच बक्षिसाच्या रकमेशी ताडून पाहिलं तर १९ टक्के होतात, म्हणून कोणी कमिशनचा आकडा सांगितला की तो कशाचा टक्का आहे हे आधी विचारावं. मी कायम जमा रकमेवर काढतो, कारण आपल्या खिशातून जातं ते शुल्क.

थोडक्यात, ₹५० लावणाऱ्याला सरासरी ₹४२ परत. पण ही सरासरी फसवी आहे, आणि ती कशी फसवते ते बक्षिसाच्या तक्त्यात दिसतं. याच स्पर्धेचा तक्ता असा धरा: पहिला ₹६,०००, दुसरा ₹३,०००, तिसरा ₹१,५००, चौथा ते दहावा प्रत्येकी ₹५००, अकरावा ते पन्नासावा ₹१५०, एक्कावन्न ते दीडशे ₹८०, आणि तिथून साडेतीनशेपर्यंत ₹७०. बेरीज बरोबर ₹४२,००० येते. '३५ टक्के विजेते' असं कार्डावर झळकतं आणि ते खोटंही नाही. पण पहिल्या दहा जणांनी ₹१४,००० उचलले, म्हणजे एकूण बक्षिसाचा तिसरा हिस्सा. उरलेल्या ९९० जणांत ₹२८,००० वाटले गेले. त्यांची सरासरी ₹२८ आणि काही पैसे. म्हणजे तुम्ही पहिल्या दहात आला नाहीत तर तुमच्यासाठी कमिशन १६ टक्के नाही, शंभरातले त्रेचाळीस-चव्वेचाळीस रुपये गेले असं समजा.

'कधीतरी नंबर लागेलच' हे म्हणणंही मोजून पाहता येतं. सगळे सारख्याच ताकदीचे धरले तर एका सामन्यात पहिल्या दहात येण्याची शक्यता १ टक्का. आयपीएलचे ७४ सामने, प्रत्येकात एकच संघ. अख्ख्या मोसमात एकदाही पहिल्या दहात न येण्याची शक्यता ०.९९ चा ७४ वा घात, म्हणजे सुमारे ४८ टक्के. जवळपास निम्मे लोक ₹३,७०० घालून साधारण ₹२,१०० परत घेऊन मोसम संपवतात, आणि यात त्यांचं क्रिकेटचं ज्ञान कमी पडलं असं काही नसतं.

ज्ञानाचा उपयोग होतो, पण तो कशासाठी हे नीट समजून घ्यायला हवं. ६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. गुडघा दुखावल्यामुळे कोहली खेळणार नाही हे नाणेफेकीच्या वेळी कळलं, श्रेयस अय्यर आत आला आणि त्याने ३६ चेंडूंत ५९ धावा केल्या. फँटसी संघात कोहलीला कर्णधार करून सकाळीच संघ लावून ठेवणारा आणि नंतर तो न बदलणारा मागे पडणारच. त्याचे पैसे मात्र बक्षिसात होतेच. नाणेफेकीनंतर संघ बदलणाऱ्याला त्याचा फायदा मिळाला, पण एकूण वाटप ₹४२,०००च राहिलं. कौशल्याने ते कोणाकडे जातात एवढंच बदलतं. शिवाय ज्यांच्यासमोर खेळायचं त्यांतले कित्येकजण एकाच स्पर्धेत अनेक संघ उतरवायचे.

दोघांच्या स्पर्धेत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. दोघांचे ₹५७ आणि जिंकणाऱ्याला ₹१०० अशी रचना असेल तर जमा ₹११४, कमिशन ₹१४. नुसतं बरोबरीत राहायला शंभरांतले ५७ सामने जिंकावे लागतात. समोरचाही विचार करून खेळणारा असेल तर हे फार मोठं अंतर आहे.

खेळाडूच्या बाजूने आकडा झुकायचा तो एकाच ठिकाणी. बक्षीस हमीचं असेल आणि जागा भरल्या नाहीत, तर तूट कंपनी भरायची. वरच्या स्पर्धेत ७०० जणच आले तर जमा ₹३५,००० आणि वाटप ₹४२,०००, म्हणजे ₹५० मागे सरासरी ₹६०. पण बरीच गर्दी नाणेफेक ते पहिला चेंडू या अर्ध्या तासात यायची, त्यामुळे आधी रिकामी दिसणारी स्पर्धा शेवटी रिकामी राहीलच असं नसायचं. आणि बक्षीस हमीचं नसेल तर भरलेल्या जागांप्रमाणे तेही घटायचं. म्हणून 'कमाल बक्षीस' सोडून 'सध्याचं बक्षीस' हा आकडा बघायचा.

आता शीट. C स्तंभात पूर्ण शुल्क, D मध्ये मिळालेलं बक्षीस, E मध्ये शुल्कापैकी बोनसमधून भरलेले पैसे. रद्द झालेल्या स्पर्धेचा परतावा बक्षिसात मोजला की आकडा फुगतो. त्या ओळी आधी काढून टाका. बहुतेक गोंधळ इथेच होतो. मग दोन सूत्रं:

```
=SUM(D2:D500)/SUM(C2:C500)
=(SUM(D2:D500)-MAX(D2:D500))/SUM(C2:C500)
```

पहिलं उत्तर ०.८४ च्या आसपास आलं तर तुम्ही सरासरी खेळाडू. दुसऱ्या सूत्रात सगळ्यात मोठं एक बक्षीस वगळलेलं आहे. दोन उत्तरांत मोठी तफावत असेल तर तुमचा सगळा हिशोब एका सामन्यावर टेकलेला आहे. बोनस वजा करून खिशातल्या रोख पैशांवरचा परतावा हवा असेल तर C च्या बेरजेतून E ची बेरीज वजा करा. पण कमिशन तपासताना पूर्ण शुल्कच धरा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ॲपमध्ये भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. ₹१०० भरले तर त्यातले ₹२१.८८ कर आणि ₹७८.१२ खेळायला. बऱ्याच ॲपनी ही तूट बोनस देऊन भरून काढली. जिथे भरली नाही, तिथे ७८.१२ च्या ८४ टक्के, म्हणजे भरलेल्या शंभरामागे सरासरी ₹६५.६२ परत. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा खेळलं तर हा कर परत लागत नसे, त्यामुळे भरण्याच्या ओळी तारखेसह वेगळ्या ठेवा.

शेवटी आयकर. वर्षात ₹४,००० भरले आणि ₹५,२०० काढले, सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक शून्य, तर निव्वळ जिंकलेले ₹१,२००. त्यावर ३० टक्के, ₹३६०, कापले जायचे. तोट्याचं वर्ष मात्र पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा होत नसे.