५० टक्के मोकळी दिसणारी मशीन: एसएमटी चालू-बंद करून पाहण्याचा माझा अनुभव

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. आजूबाजूच्या कारखान्यांसाठी ब्रॅकेट, फिक्स्चर, पंपाची बॉडी अशा पार्टचं ताण-विश्लेषण आम्ही करतो, जोडीला थोडं प्रवाहाचं काम आणि कॅटलॉगसाठी चित्रं. हा सगळा भार एकाच मशीनवर आहे: रायझेन ७ ५८००एक्स, आठ कोअर, एका कोअरला दोन थ्रेड चालवू देणाऱ्या एसएमटीमुळे सोळा लॉजिकल थ्रेड, ३२ जीबी रॅम, उबुंटू.

एप्रिलमध्ये एका ब्रॅकेटचा रन चालू असताना सर मागे येऊन उभे राहिले. सिस्टिम मॉनिटरवर सोळापैकी आठ रेघा वर टेकलेल्या, आठ तळाला. एकूण वापर ५० टक्के. सर म्हणाले, "अर्धी मशीन मोकळीच आहे की. कॅटलॉगचं रेंडर त्यातच लावून टाक, चार वाजता पार्टी येतेय." मलाही ते बरोबर वाटलं. मी ब्लेंडर उरलेल्या आठ थ्रेडवर लावलं. रेंडर २१ मिनिटांनी संपलं आणि ब्रॅकेटचा रन २९ मिनिटांनी. एरवी तोच रन एकटा असला की १८ मिनिटं ४० सेकंदांत संपतो. पुढे मोजल्यावर कळलं की दोन्ही कामं एकामागून एक लावली असती, तर साडेसत्तावीस मिनिटांत दोन्ही झाली असती. म्हणजे जी अर्धी मशीन मोकळी दिसत होती, ती मोकळी नव्हतीच.

हे नीट समजून घ्यायला आमच्या खालच्या मजल्यावरचं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं मशीन, उपयोगी पडलं. त्याला जॉब बांधायची दोन टेबलं, म्हणजे पॅलेट आहेत. एका पॅलेटवर कटिंग चालू असताना ऑपरेटर दुसऱ्यावर जॉब बांधतो, पण कापणारं हत्यार फिरवणारा स्पिंडल एकच आहे. जॉब बांधायला दहा मिनिटं आणि कटिंगला दहा मिनिटं लागत असतील, तर दुसऱ्या पॅलेटमुळे उत्पादन जवळजवळ दुप्पट होतं. कटिंगलाच तासभर लागत असेल, तर दुसऱ्या पॅलेटने फारसं काही साधत नाही. आणि कच्चा मालच वेळेवर येत नसेल, तर दहा पॅलेट लावली तरी स्पिंडल तसाच उभा राहणार.

एसएमटी म्हणजे एका कोअरला दोन पॅलेट. गणित करणारे भाग तेच, कॅशेही तीच, फक्त दोन थ्रेडची स्थिती एकाच वेळी धरून ठेवायची सोय. एक थ्रेड मेमरीची वाट पाहत थांबला की त्या मोकळ्या क्षणांत दुसऱ्याच्या सूचना चालतात. व्हीएमसीपेक्षा एक गोष्ट पुढची आहे: कोअरमध्ये एकाच क्लॉक सायकलला दोन्ही थ्रेडच्या सूचना शेजारी-शेजारी चालू शकतात. सिस्टिम मॉनिटरला मात्र यातलं काही दिसत नाही. तो सोळा लॉजिकल थ्रेड सारख्या मोलाचे धरून सरासरी काढतो. आठ कोअर जीव तोडून काम करत असले तरी तो ५० टक्केच दाखवणार.

मग ठरवलं की आमच्या तिन्ही कामांवर स्वतः मोजून पाहायचं. आधी कोणता थ्रेड कोणत्या कोअरचा ते पाहिलं:

```
cat /sys/devices/system/cpu/cpu0/topology/thread_siblings_list
```

उत्तर आलं `0,8`. म्हणजे 0 ते 7 हे आठ वेगळे कोअर आणि 8 ते 15 ही त्यांची जोडीची नावं. एसएमटी बंद करायला दर वेळी बायोसमध्ये जावं लागत नाही, चालू मशीनवरच करता येतं. ओळीतलं `off` बदलून `on` केलं की पुन्हा चालू:

```
echo off | sudo tee /sys/devices/system/cpu/smt/control
```

पहिल्या दिवशीचे आकडे मला फेकून द्यावे लागले. दुपारी मोजत होतो, ऑफिसमध्ये उकाडा, प्रोसेसर ९० अंशांना टेकलेला आणि क्लॉक हळूहळू उतरत होता. त्यामुळे सकाळचा रन नेहमीच जिंकत होता, एसएमटी असो वा नसो. मग सगळे रन सकाळी नऊच्या आत, एसी लावून, प्रत्येक तीनदा घेतले आणि मधला आकडा धरला. क्लॉक दोन्हीकडे सारखा आहे ना, हेही दर वेळी पाहिलं. ही काळजी घेतली नाही तर पाच-सात टक्क्यांचा फरक एसएमटीचा की उन्हाचा, हे सांगताच येत नाही.

पहिलं काम ब्रॅकेटचं, कॅल्क्युलिक्सवर. चार कोअरवर ३५ मिनिटं, आठवर १८:४०, सोळा थ्रेडवर २०:१०. चारवरून आठवर वेळ जवळजवळ निम्मा झाला, म्हणजे प्रत्येक नवा कोअर मनापासून उपयोगी पडत होता. आठवरून सोळावर मात्र वेळ वाढला. कारण सॉल्व्हरचा बहुतेक वेळ भरगच्च मॅट्रिक्सच्या गुणाकारात जातो. त्या कोडमध्ये डेटाचे तुकडे कॅशेत बसतील असे आधीच पाडलेले असतात, आणि गुणाकार-बेरीज करणारी दोन्ही युनिटं एकटा थ्रेडच भरून टाकतो. दुसऱ्या थ्रेडला फट सापडत नाही. उलट कोअरची ३२ केबीची पहिली कॅशे आणि ५१२ केबीची दुसरी कॅशे दोघांत वाटली जाते, आणि जे तुकडे एकट्याला पुरत होते ते आता बाहेर ढकलले जातात. कटिंगला तासभर लागणारा जॉब तो हाच.

दुसरं काम ब्लेंडरचं. चार कोअरवर २२ मिनिटं, आठवर ११:२०, सोळा थ्रेडवर ८:५०. रेंडरिंगचा वेग २८ टक्क्यांनी वाढला, तेही एक रुपया खर्च न करता. प्रकाशकिरण कुठे आपटेल हे शोधताना प्रोग्राम मेमरीत इकडून तिकडे उड्या मारतो, पुढची उडी कुठे ते आधीची संपल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येक वळणावर पुढे कोणत्या फांदीने जायचं हा प्रोसेसरचा अंदाज चुकू शकतो. अशा कामात थ्रेड बराच वेळ नुसता थांबलेला असतो. जोडीदाराला हवी ती फट तिथे आयतीच मिळते. मोठा कोड कंपाइल करणं आणि फाइल कॉम्प्रेस करणं हीसुद्धा याच जातीची कामं.

तिसऱ्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पंपाच्या बॉडीतला प्रवाह, ओपनफोमवर. चार प्रोसेसवर ५२ मिनिटं, सहावर ४६, आठवर ४५. सोळा लावायला गेलो तर `mpirun` ने जागा नाही म्हणून नकार दिला, कारण तो मुळातच कोअर मोजतो, लॉजिकल थ्रेड नाही. `--use-hwthread-cpus` देऊन भाग पाडलं, तर ४९ मिनिटं.

इथे मी चक्रावलो होतो. `perf stat` लावून दर सायकलला किती सूचना पूर्ण होतात ते पाहिलं होतं. ब्रॅकेटला हा आकडा अडीचच्या वर, ब्लेंडरला सव्वाच्या आसपास, आणि ओपनफोमला तर एकाच्याही बराच खाली. म्हणजे सर्वांत जास्त फटी ओपनफोममध्ये. मग एसएमटीचा सर्वांत जास्त फायदा तिथे का नाही? उत्तर सहा आणि आठ प्रोसेसच्या आकड्यांत होतं. दोन कोअर वाढवूनही एकच मिनिट वाचलं, कारण रस्ता आधीच भरलेला होता. या मशीनला मेमरीची दोनच चॅनेल आहेत. डीडीआर४-३२०० रॅमवर कागदोपत्री सेकंदाला ५१.२ जीबी, आणि ते सगळ्या कोअरना मिळून. ब्लेंडरचा थ्रेड थांबतो तो एखादी गोष्ट लांबून यायला वेळ लागतो म्हणून, ओपनफोमचा थांबतो तो ट्रकच पुरत नाहीत म्हणून. पहिल्या थांबण्यात दुसरा थ्रेड काम करून घेतो. दुसऱ्या थांबण्यात तो त्याच रांगेत आणखी एक गिऱ्हाईक होऊन उभा राहतो.

म्हणून आता नवीन काम आलं की मी एसएमटीला हात लावण्याआधी ते निम्म्या कोअरवर, पाऊण कोअरवर आणि सगळ्या कोअरवर चालवून बघतो. वेळ पाऊण कोअरनंतर कमी व्हायचाच थांबला, तर मेमरीचा रस्ता भरलाय, जादा थ्रेड विसरायचे. वेळ शेवटपर्यंत उतरत गेला आणि सायकलमागच्या सूचनाही भरपूर असतील, तर कोअर आतून भरलेला आहे, तिथेही विसरायचे. वेळ शेवटपर्यंत उतरतोय पण सूचना कमी, तर सगळे सोळा लावायचे.

आता राहिला बंद करण्याचा प्रश्न. ब्रॅकेटचा रन एसएमटी पूर्ण बंद ठेवून घेतला तेव्हा १८:३५ लागली. एसएमटी चालू, पण आठच थ्रेड आणि तेही आठ वेगळ्या कोअरवर बांधून:

```
OMP_NUM_THREADS=8 taskset -c 0-7 ccx bracket
```

याला १८:४०. पाच सेकंदांचा फरक मी फरक मानत नाही. जोडीदार थ्रेड झोपलेला असला की आतल्या ज्या रांगा दोघांत वाटलेल्या असतात त्या परत एकालाच मिळतात, त्यामुळे नुसतं चालू असण्याचं भाडं पडत नाही. न बांधता सोडलं, तेव्हा मात्र आकडा कधी १८:४५, कधी २०:३० यायचा, कारण अधूनमधून दोन थ्रेड एकाच कोअरवर जाऊन बसत आणि बाकीचे त्यांची वाट पाहत. एसएमटी बंद केल्यावर खूप सुधारणा झाली असं जे लोक सांगतात, त्यांच्याकडे बऱ्याचदा हेच घडत असावं असं मला वाटतं. आम्ही एसएमटी चालूच ठेवली. अनोळखी लोकांचा कोड एकाच कोअरवर शेजारी चालणार असेल, तर गोष्ट वेगळी, कारण एकाला दुसऱ्याची माहिती चोरून वाचता येण्याचा धोका असतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१८ मध्ये सुरक्षेपोटी ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, आणि त्यामागचं कारण मला रास्त वाटतं.

जूनमध्ये सातपूरच्या एका मित्राने माझी स्क्रिप्ट नेली. त्याच्याकडे आय७-१२७०० आहे, माझ्यापेक्षा नवीन. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, ब्रॅकेटला २९ मिनिटं लागली. तुझ्या मशीनवर तर १९ मध्ये होतं ना?" मी त्याला वरची `thread_siblings_list` वाचायला सांगितली. तिथे `0-1` आलं. त्याच्याकडे जोडीदार लागून क्रमांकाचे होते, आणि माझ्या `0-7` ने आठ थ्रेड चारच कोअरवर कोंबले होते. चूक माझ्या स्क्रिप्टची. यादी `0,2,4,6,8,10,12,14` केली आणि रन १६ मिनिटांवर आला. त्या रात्री मी स्क्रिप्टमधला ठोकून बसवलेला आकडा काढला. आता ती आधी `lscpu -e=CPU,CORE` वाचते, पहिल्या आठ कोअरचा प्रत्येकी एकच क्रमांक उचलते आणि मग रन सुरू करते.