मुतखडा पडून गेल्यावर चोवीस तासांची लघवी मोजली, त्याची नोंद

मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून यूरॉलॉजिस्टनी सांगितलेली गोष्ट एकच होती: दिवसाला लघवी अडीच लिटर व्हायला हवी. हे वाक्य दवाखान्यातून घरी येईपर्यंत "दिवसाला तीन लिटर पाणी प्या" असं होऊन जातं. किती प्यायलो ते आपण मोजतो, पण खडा बनतो लघवीत. मे महिन्यात दुचाकीवर फिरणारा माणूस आणि एसीत बसणारा माणूस तेच तीन लिटर प्यायले, तरी लघवी दोघांची सारखी होत नाही. पहिल्याचं बरंचसं पाणी घामात जातं.

म्हणून मी लघवीच मोजली. त्यासाठी लागतं एक लिटरचं मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं (ते पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, एवढं बघायचं), एक वही आणि दोन दिवस: एक कामाचा, एक सुट्टीचा. सुट्टीच्या दिवशी पाणी हाताशी असतं आणि आकडा फसवा चांगला येतो. बाहेर असताना मोजायला खुणांची रिकामी बाटली बॅगेत ठेवली.

सगळ्यात जास्त चूक होते ती सुरुवातीला. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मोजायची नसते, कारण ती आदल्या रात्रीची. ती सोडून द्यायची आणि घड्याळात वेळ बघून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक मोजायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची धरून थांबायचं. दोन्ही सकाळच्या धरल्या तर तीनशे-चारशे मिली फुकट वाढतात आणि आपण खूश होतो.

कामाच्या दिवसाची माझी नोंद अशी: सकाळी सातची सोडली. साडेनऊला २२० मिली, दुपारी एकला १८०, सव्वापाचला १९०, साडेआठला १६०, अकराला २१०, दुसऱ्या सकाळी सातला २९०. एकूण १२५० मिली. त्या दिवशी पाणी, चहा, ताक मिळून पोटात गेलं होतं २९०० मिली. म्हणजे "तीन लिटर पितो की" हे खरं होतं, आणि लघवी लक्ष्याच्या बरोबर निम्मी होती.

अडीच लिटरच का, तर साखरेच्या पाकाचा हिशेब आहे. शरीर दिवसाकाठी जेवढं कॅल्शियम आणि ऑक्झलेट बाहेर टाकायचं तेवढं टाकतंच. पाणी कमी पडलं की पाक घट्ट होतो आणि खडे धरतात. या सल्ल्याला आधारही बरा आहे. १९९६ साली इटलीत पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना लघवी दोन लिटरच्या वर ठेवायला सांगितली त्यांच्यापैकी १२ टक्के लोकांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्के. धोका निम्म्याहून कमी झाला, पण संपला नाही. "भरपूर पाणी प्या, खडा होणारच नाही" ही त्याच्यापुढची अतिशयोक्ती.

आता १२५० मिलीचा फरक कसा भरायचा? घाम उन्हावर आणि कामावर ठरतो, पाणी जास्त प्यायलं म्हणून जास्त येत नाही. त्यामुळे वाढवलेलं पाणी बहुतेक लघवीतच उतरतं. मी सव्वा लिटर वाढवलं, पण एकदम नाही: उठल्यावर दोन ग्लास, दोन्ही जेवणांच्या मध्ये दर दीड तासाने एक, आणि झोपण्यापूर्वी एक. रात्री लघवी सर्वात घट्ट असते, म्हणून हा शेवटचा ग्लास महत्त्वाचा. रात्री एकदा उठावं लागलं, तर तेव्हाही अर्धा ग्लास घ्यायचा. आठवड्याने पुन्हा मोजलं: २३५० मिली. त्यावर एक ग्लास वाढवला. सकाळची कसर दुपारी चारला लिटरभर ढोसून भरून काढता येत नाही. तासभर पाण्यासारखी लघवी होते आणि रात्री पुन्हा घट्ट. शिवाय तासाला लिटरच्या वर सतत पीत राहिलं तर मूत्रपिंडांना ते बाहेर काढणं झेपत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्यावा.

रंगाची नोंदही मी शेजारच्या रकान्यात ठेवली. रंग उपयोगी आहे, पण तो त्या क्षणाचं सांगतो, दिवसाचं नाही. फिकट पिवळा, लिंबूपाण्यासारखा रंग दिवसभर दिसला तर ठीक. सकाळची गडद असणारच, त्यावरून घाबरायचं नाही. कमोडमध्ये आधीच पाणी असतं, तिथे बघून रंग ठरवला तर तो नेहमी फिकट दिसतो. पांढऱ्या कपात, दिवसाच्या उजेडात बघावा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की कितीही पाणी प्या, भडक पिवळाच येतो. बीटाने लालसर होते, क्षयाच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी. आणि काचेसारखी पारदर्शक लघवी हे लक्ष्य नाही. बीट खाल्लेलं नसताना लाल किंवा चहासारखी झाली, तर पाणी वाढवत बसायचं नाही, तपासणी करायची.

पाण्याखालोखाल मीठ. मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्याबरोबर कॅल्शियमही ओढून नेतं. लिंबाचं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून लिंबूपाणी चांगलं, पण आपण त्यात पाव चमचा मीठ टाकतो आणि दिवसाला चार ग्लास पितो. झाला एक चमचा, म्हणजे दिवसभराचं सगळं मीठ सरबतातच संपलं. लोणचं, पापड, आमटी अजून बाकीच. मीठ आणि साखर दोन्ही न घालता प्यावं.

दूध-दही बंद करा, हा सल्ला मात्र उलटा आहे. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं. अळूच्या किंवा पालकाच्या भाजीबरोबर वाटीभर दही घेतलं तर ऑक्झलेट कमी शोषलं जातं. टोमॅटोच्या बियांचं भय तर निव्वळ दिसण्यावरून आलेलं. टोमॅटोत ऑक्झलेट पालकाच्या मानाने अगदी थोडं असतं.

कळ सुरू असताना चार बाटल्या पाणी किंवा बियर पिऊन खडा ढकलला जातो, याला पुरावा नाही. वाट अडलेली असताना वरून दाब वाढतो, कळही वाढू शकते. त्या वेळी वेदनाशामक आणि तहानेपुरतं पाणी. कळीबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली तर रात्रीची सकाळ होऊ न देता रुग्णालय गाठायचं. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करायची आणि सापडलेला खडा तपासणीला द्यायचा, कारण यूरिक ॲसिडचा खडा औषधाने लघवी अल्कली करून विरघळवता येतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा येत नाही. तो कोणत्याही काढ्याने विरघळत नाही.

जुलैत, पाऊस लागल्यावर, तेवढंच पाणी पिऊन पुन्हा मोजलं. लघवी तीन लिटर भरली. दोन ग्लास कमी केले.