बाबांच्या फोनमध्ये ‘मम्मी’ आली कुठून?

बाबांच्या फोनमधले निम्म्याहून जास्त नंबर एका दुपारी गायब झाले. दूधवाला, गॅसवाला, सोसायटीचे चेअरमन अशी काही नावं मात्र जागच्या जागी होती, त्यामुळे फोन बिघडलाय असं बाबांनी ठरवूनही टाकलं. मी उघडून पाहिलं तर उरलेले नंबर सिमकार्डवरचे होते आणि गेलेले सगळे गुगल अकाउंटमधले. म्हणजे फोन ठीक होता, गडबड अकाउंटमध्ये होती. आणखी एक गंमत दिसली. ‘ताई’ या नावाने असलेला माझ्या आत्याचा नंबर आता ‘मम्मी’ या नावाखाली होता. आमच्या घरात मम्मी म्हणणारा एकच, माझा आतेभाऊ.

बाबांनी जुना फोन त्याला दिला होता, पण आतलं अकाउंट काढलेलंच नव्हतं. भावाने ओळख नसलेली नावं सरळ साफ केली. एकाच अकाउंटवर दोन फोन असले की एकीकडे खोडलेलं दुसरीकडूनही जातं. त्याला फोन केला तर म्हणाला, “दादा, मी तर माझ्याच फोनमधले काढले!”

आधी त्याला `Settings` मधून बाबांचं अकाउंट `Remove` करायला सांगितलं. हे पहिल्यांदा करायचं, कारण नंबर परत आणले की ते त्याच्या फोनवरही उगवणार आणि तो पुन्हा झाडू मारणार.

मग लॅपटॉपवर बाबांच्या अकाउंटने `contacts.google.com` उघडलं. डावीकडच्या `Bin` मध्ये (काहींना `Trash` दिसेल) सगळी मंडळी बसलेली होती. खोडलेला नंबर तिथे ३० दिवस राहतो आणि तो कोणत्या उपकरणावरून गेला याची नोंदही शेजारी दिसते. तिथे जुन्या फोनचं मॉडेल वाचल्यावर बाबांना माझं म्हणणं पटलं.

सगळे निवडून `Recover` दाबलं की काम झालं, असं वाटतं. पण बिनमध्ये फक्त खोडलेलं जातं. बदललेलं जात नाही. ‘ताई’ची ‘मम्मी’ झाली ती खोडली गेलीच नव्हती, त्यामुळे ती तिथे सापडणार कशी? आणि भावाने अजून काय काय बदललंय हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. अशा वेळी उपयोगी पडतं ते गिअरच्या चिन्हाखालचं `Undo changes`. ते अख्खी यादी दहा मिनिटं, एक तास, एक दिवस, एक आठवडा किंवा ३० दिवसांच्या आतल्या आपण सांगू त्या वेळेपर्यंत मागे नेतं. यात एक मेख आहे. त्या वेळेनंतर तुम्ही स्वतः जोडलेले नंबरही त्यात जातात. बाबांनी मधल्या काळात फिजिओथेरपिस्टचा आणि नव्या प्लंबरचा नंबर घेतला होता.

म्हणून आधी `Export` करून यादीची सीएसव्ही फाइल उतरवून ठेवली. ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडू नका. देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात आणि मोबाइल नंबर `9.19E+11` असे दिसू लागतात. त्यावर सेव्ह केलं तर उरलंसुरलंही गेलं. गुगल शीट्समध्ये मात्र नावं नीट वाचता आली. पूर्ण फाइल परत आत घेतली असती तर ‘मम्मी’सुद्धा परतली असती, म्हणून नवे नंबर तेवढे कागदावर उतरवून घेतले.

मग `Undo changes` मध्ये फोन भावाकडे जाण्याच्या आदल्या दिवसाची वेळ टाकली. लॅपटॉपवर ‘ताई’ लगेच दिसली, फोनवर दिसेना. अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन `Sync now` दाबल्यावर तिथेही आली. मग नवे नंबर हाताने भरले.

कॅलेंडरची कथा वेगळी. वाढदिवस कॉन्टॅक्ट्सबरोबरच परत आले, कारण ते तिथूनच घेतलेले असतात. पण विम्याचा हप्ता वगैरे नोंदीही भावाने उडवल्या होत्या. सारख्या घंटा वाजतात म्हणून! त्यासाठी लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये `calendar.google.com` उघडून गिअरखालच्या बिनमध्ये गेलो. इथेही मुदत साधारण ३० दिवसांची. प्रत्येक कॅलेंडरचं बिन वेगळं असतं, त्यामुळे डावीकडून योग्य कॅलेंडर निवडावं लागतं, नाहीतर ते रिकामं पाहून आपण उगाच हाय खातो. नोंदी निवडून परत आणल्या.

कॅलेंडरला मात्र `Undo changes` सारखी सोय नाही. खोडलेली नोंद मिळते, सरकवलेली नाही. डोळ्यांच्या तपासणीची तारीख भावाच्या बोटाने पुढच्या आठवड्यात गेली होती. ती शेवटी दवाखान्यात फोन करून विचारून घेतली.