बाबांच्या नावावरची गाडी आणि मेरशीचं चलन

गाडी बाबांच्या नावावर, नंबर एमएच ०९, आणि मी मार्चपासून फोंड्यात. रोज पणजीला जाताना मेरशीचा सिग्नल लागतो. तिथे 2023 पासून कॅमेरा चलन फाडतो हे मला ठाऊक होतं, तरी एकदा पिवळ्यावर घुसले आणि मध्येच लाल झाला. पोलीस नव्हता, कोणी अडवलं नाही, मी विसरून गेले.

मेसेज गेला कोल्हापूरला. आरसीला जो मोबाईल नंबर जोडलेला असतो, चलन त्यावरच जातं. आणि बाबांनी तो खोटा समजून पुसून टाकला. त्यांचं तरी काय चुकलं? चलनाच्या नावाखाली `.apk` फाईल पाठवून खाती साफ करणारे कमी आहेत का!

महिन्याभराने बोलण्यात विषय निघाला. मी लगेच सवयीने `mahatrafficechallan.gov.in` उघडलं. तिथे काहीच नाही. सुटले म्हणून चहा ठेवला. ऑफिसातला फोंड्याचाच सहकारी हसला, "अगं, ती महाराष्ट्र पोलिसांची साईट. गोव्याचं चलन तिथे कशाला दिसेल?" गोव्याची चलनं केंद्राच्या `echallan.parivahan.gov.in` वर असतात. लिंकवरून न जाता हा पत्ता हाताने टाईप करायचा.

गाडीच्या नंबरासोबत चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. आरसी कोल्हापूरला, म्हणून बाबांना फोन. ते वाचतात, "ओ, चार, ओ..." माझं दोनदा चुकलं. मग कळलं, चॅसी नंबरात इंग्रजी ओ अक्षर नसतंच (आय आणि क्यूही नसतात), शून्याशी गल्लत नको म्हणून. तिथे शून्य टाकला आणि चलन उघडलं. सिग्नल तोडल्याचे पाचशे. पैसे भरण्याआधी फोटो मोठा करून नंबरप्लेट नीट बघितली, कारण कॅमेरा कधीकधी ३ चा ८ वाचतो. गाडी आपलीच होती, मागच्या काचेवर ज्योतिबाचं स्टिकर.

पैसे भरले. खात्यातून पाचशे कापले गेले, पान मात्र अडकलं आणि चलनावर अजून `Pending`. अशा वेळी हात शिवशिवतो, पण पुन्हा भरू नये. साईटवर अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे, तिथे चलन नंबर टाकून बघायचं. माझं दुसऱ्या दिवशी सकाळी `Disposed` झालं, तेव्हा कुठे पावती उतरवून घेतली.

पावतीची पीडीएफ बाबांना पाठवली. त्यांनी ती अजून उघडलेली नाही.