बंद तिकिटातले कऱ्हाडे

बंद झालेलं तिकीट सहसा कुणी उघडून वाचत नाही. टेस्टरने मात्र वाचावं, निदान शेवटची कमेंट तरी. तिथे नुसतं `Verified` असेल, काय करून पाहिलं नि कशावर पाहिलं याचा पत्ता नसेल, तर खुशाल समजावं की इथे पाणी मुरतंय.

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं असंच एक तिकीट. तक्रार साधी होती: काउंटरवर ‘कऱ्हाडे’ शोधलं की ‘नोंद सापडली नाही’ येतं. डेव्हलपरने तुलनेआधी युनिकोडचं नॉर्मलायझेशन बसवलं, तिकीट `Fixed` झालं, मग `Closed`. मी या तिकिटापर्यंत पोचले ती वेगळ्याच वाटेने. चाचणीसाठी आलेल्या सभासद यादीत एकच नाव, एकच जन्मतारीख, पण सभासद क्रमांक दोन, अशा जोड्या दिसत होत्या. त्यात कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे यांचीच गर्दी. जोशी-पाटील एकेकटेच. ऱ्हवाल्यांनाच दोनदा सभासद व्हायची हौस का असावी?

स्क्रीनवर दोन्ही कऱ्हाडे हुबेहूब. फॉन्ट बदलून पाहिला, अक्षर मोठं करून पाहिलं, फरक दिसेना. मग नावांची लांबी मोजली. एकात 7 कॅरेक्टर, दुसऱ्यात 8. एकच आडनाव, आणि एक अक्षर जास्त!

भानगड रफाराऐवजी येणाऱ्या त्या आडव्या ‘र’ची. तो टाईप करायच्या दोन रीती आहेत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून J मारला की स्वतंत्र ‘ऱ’ येतो, त्यापुढे हलन्त नि ‘ह’. दुसरी रीत जुनी, युनिकोडच्या 2.0 आवृत्तीच्या काळातली: साधा ‘र’, हलन्त, आणि मग झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदीच नसलेलं, न दिसणारं एक कॅरेक्टर. सुसंगतीसाठी ही रीत पुढेही मान्य राहिली आणि काही कीबोर्ड आजही तसंच लिहितात. ‘र’ला खाली नुक्ता देऊन लिहायची तिसरी रीतही आहे, आणि नॉर्मलायझेशन जुळवतं ते फक्त तिला:

```python
from unicodedata import normalize
a = "क\u0931\u094dहाडे"        # ऱ + हलन्त
b = "क\u0930\u094d\u200dहाडे"  # र + हलन्त + जॉइनर
c = "क\u0930\u093c\u094dहाडे"  # र + नुक्ता + हलन्त
normalize("NFC", a) == normalize("NFC", c)  # True
normalize("NFC", a) == normalize("NFC", b)  # False
```

म्हणजे दुरुस्ती खोटी नव्हती. ती दुसऱ्याच दुखण्यावरची होती.

“अगं, मी स्वतः टाकून बघितलं होतं. सापडतं की,” डेव्हलपर म्हणाला.

“नाव टाईप केलंस?”

“तिकिटातून कॉपी केलं.”

“आणि सभासदाची नोंद?”

तीही तिकिटातलंच नाव चिकटवून तयार केलेली. एकाच नळाचं पाणी दोन पेल्यांत घ्यायचं आणि चव सारखी आहे म्हणायचं, तसं झालं. असं नाव तर दुरुस्तीच्या आधीही सापडलंच असतं. ज्या चाचणीत जुनं, बिघडलेलं सॉफ्टवेअरसुद्धा पास होतं, ती चाचणी कसली?

“मग जॉइनर काढून टाकू, एका ओळीचं काम आहे,” तो उत्साहाने म्हणाला. आता तो नुसता काढला, तर आडवा ‘र’ सरळ डोक्यावर जाऊन बसतो, रफार होऊन. दऱ्या शोधणाऱ्याला दर्या मिळतो, आणि आचाऱ्याला द्यायची दक्षिणा आचार्याला जाते. शिवाय ‘ऱ’ने लिहिलेला कऱ्हाडे तरीही जुळत नाही तो नाहीच. करायचं ते असं: ‘र, हलन्त, जॉइनर’ हा क्रम दिसला की त्याजागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं, आणि तेही शोधायला टाकलेल्या शब्दात नि साठवलेल्या जुन्या नोंदींत, दोन्हीकडे. जुन्या नोंदी तशाच राहिल्या, तर नुसता शोध सुधारून उपयोग नाही.

यावर नेहमीचा वाद झाला, जुनं तिकीट पुन्हा उघडायचं की नवीन काढायचं. रीओपन म्हटलं की अहवालात आकडा चढतो, त्यामुळे मॅनेजरमंडळींचा ओढा नव्याकडे. माझं म्हणणं, लक्षण तेच आहे, तक्रार करणाऱ्याचा त्रास एक दिवसही थांबलेला नाही, तर तेच उघडा. उघडलं. आता त्यात तिन्ही रीतींनी लिहिलेली नावं कोडसकट आहेत, प्रत्येक रीतीची नोंद प्रत्येक रीतीने शोधायची आहे, आणि ‘दऱ्या’ शोधल्यावर ‘दर्या’ येता कामा नये, हीही एक चाचणी आहे.

काउंटरवरच्या बाईंना फोन केला, तर त्या निवांत. “आम्ही नुसतं ‘हाडे’ टाकतो हो. कऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाडे सगळे येतात, मग बघून घेतो.” हे ज्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्या नव्या कारकुनाने मात्र नाव सापडेना म्हणून सरळ नवे सभासद करून टाकले होते. शोध आता सुधारेल; पण एकाच कऱ्हाड्यांचे शेअर्स एका क्रमांकावर आणि कर्ज दुसऱ्यावर, ही गाठ कोडने सुटणारी नाही. त्यासाठी वेगळं तिकीट काढलंय, आणि ते पतसंस्थेच्या नावावर आहे.